बँकेला कुलूप लागलं तर? हुडकोतल्या ठेवीदारासाठी तीन बँकांची कुंडली

भिलाईच्या हुडकोत बीएसपीतून निवृत्त झालेल्या माणसाला कोणती बँक किती व्याज देते हे विचारा. पाव टक्क्याच्या फरकासकट उत्तर मिळेल, वर ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का वेगळा सांगितला जाईल. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे पैसे हातात पडले की सहकारी बँक, स्मॉल फायनान्स बँक आणि मोठी व्यापारी बँक अशी तुलना घरोघरी सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा या दराच्या फलकापाशीच संपते. फलकावर न लिहिलेला प्रश्न असा: बँकेला कुलूप लागलं, तर तुमचे पैसे किती दिवसांनी आणि किती हप्त्यांत परत येतात? तिन्ही बँका तिथे अगदी वेगवेगळ्या वागल्या आहेत, आणि त्यातले किस्से दरांपेक्षा कितीतरी चटपटीत आहेत.

अकोल्याचे उपकार

मुंबई-हावडा मार्गावर भिलाईहून पश्चिमेला निघालात की नागपूर ओलांडून अकोला लागतं. या अकोल्याच्या लक्ष्मी बँकेचं तुमच्या पासबुकाशी नातं आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक अशा दोन बँका बुडाल्या. ठेवीदारांमध्ये इतकी घबराट पसरली की सरकारने ठेवींना विमा देणारा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो लागू झाला. तेव्हा संरक्षण होतं माणशी १,५०० रुपयांचं. सहकारी बँकांना मात्र आणखी काही वर्षं थांबावं लागलं. त्या १९७१ पासून या छत्रीखाली यायला लागल्या.

आज हा विमा पाच लाखांचा आहे आणि तो देणारी संस्था म्हणजे डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेचीच कंपनी. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला एक रुपयाही द्यावा लागत नाही. आता गंमत पाहा. स्टेट बँक असो, स्मॉल फायनान्स बँक असो की पॉवर हाऊसजवळची एखादी नागरी सहकारी बँक असो, तिघींचा विमा अगदी सारखा: एका माणसाला एका बँकेत पाच लाख. ‘सरकारी बँक आहे, सगळीच रक्कम सुरक्षित’ असं आपण छातीठोकपणे म्हणतो खरे, पण विम्याच्या कायद्यात सरकारी बँकेसाठी जास्तीची एक ओळही नाही. तिथला आपला विश्वास सरकार हात देईल या अनुभवावर उभा आहे.

पाच लाखांवर एक रुपया ठेवला की मात्र तिन्ही बँकांचे रस्ते फुटतात.

आठ लाखांची सहा वर्षं

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे आपली पीएमसी. १३७ शाखा, साडेअकरा हजार कोटींहून जास्त ठेवी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगितलं. हो, एक हजार. आरडाओरडा झाल्यावर ही मर्यादा काही दिवसांतच दहा हजार, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी सरकत गेली आणि जून २०२० मध्ये एक लाखावर थांबली.

पुढे काय झालं ते एका काल्पनिक काकांच्या हिशेबाने पाहू. काकांची पीएमसीत आठ लाखांची ठेव होती आणि मधल्या काळात त्यांनी एक पैसाही काढला नाही असं धरू. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सहकारी बँकेचा ठेवीदार रात्रीत स्मॉल फायनान्स बँकेचा ग्राहक झाला, खातं न बदलता! योजनेनुसार पहिले पाच लाख विम्यातून आले. उरलेल्या तीन लाखांचं वेळापत्रक असं: पहिल्या वर्षाअखेर पन्नास हजार, दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास हजार, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, आणि चौथ्या वर्षाअखेर अडीच लाखांपर्यंत. म्हणजे काकांचा शेवटचा एक लाख जानेवारी २०२६ मध्ये मोकळा झाला. निर्बंध आले तेव्हा सहावीत असलेला त्यांचा नातू तोवर बारावीत पोचला होता.

ज्यांची ठेव आणखी मोठी होती, त्यांना पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाखांपर्यंत मिळायचे होते. सगळे हप्ते जोडा, पंधरा लाख होतात. त्यावरची रक्कम थेट दहा वर्षांनी. आणि व्याज? ३१ मार्च २०२१ नंतर शून्य. पाच वर्षांनंतरही शिल्लक राहिलेल्या रकमेवर दरसाल पावणेतीन टक्के.

आता हे मूळ मोहाशी ताडून पाहू. काकांना पीएमसीत इतर बँकांपेक्षा एक टक्का जास्त मिळत होता असं समजा. आठ लाखांवर वर्षाला आठ हजार, तीन वर्षांत चोवीस हजारांची जादा कमाई. उलट अडकलेल्या तीन लाखांवर साधं सहा टक्क्यांनी व्याज धरलं, तर मार्च २०२१ पासून शेवटचा हप्ता मिळेपर्यंत बुडालेलं व्याज साधारण सहासष्ट हजार भरतं. यात पाच लाखांवरचं तेवढ्या काळातलं व्याज धरलेलंच नाही, आणि मधल्या काळात दवाखान्यासाठी उसनवारी करावी लागली असेल तर तीही नाही. मुद्दल शेवटी मिळालं हे खरं. पण ‘पैसे बुडाले नाहीत’ हे वाक्य काकांच्या तोंडून ऐकताना जरा जपून ऐकावं लागतं.

कागदावर गुलाबी तब्येत

‘बँकेचा अहवाल वाचत जा’ असा सल्ला सगळेच देतात. पीएमसीचा मार्च २०१९ चा अहवाल वाचला असता तर काय दिसलं असतं? थकीत कर्जं ३.७६ टक्के, म्हणजे बऱ्याच सरकारी बँकांना हेवा वाटावा असा आकडा. भांडवलही नियमापेक्षा जास्त. प्रत्यक्षात बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून जास्त, सुमारे साडेसहा हजार कोटी, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते, आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून जास्त बनावट कर्जखाती दाखवलेली होती.

तेव्हा अहवाल जरूर वाचा, पण त्यातून काय कळतं आणि काय नाही हे ठाऊक असू द्या. प्रामाणिक पण दुबळी बँक अहवालात दिसते: निव्वळ थकीत कर्जं सहा टक्क्यांच्या वर गेली की रिझर्व्ह बँकच नागरी बँकेला सुधारणेच्या चौकटीत घेते, म्हणून तो आकडा आधी शोधायचा. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘ब’, ‘क’ असा घसरतो आहे का, वार्षिक सभा पुढे ढकलली जाते आहे का, जुना लेखापरीक्षक मध्येच गेला का, हेही पाहण्यासारखं. ठरवून खोटं लिहिणारी बँक मात्र अहवालात दिसत नाही. तिच्याविरुद्ध घरच्या ठेवीदाराच्या हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे पाच लाखांचं कुंपण न ओलांडणं.

हे फक्त मुंबईत घडतं असं वाटत असेल, तर रायपूरची इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक आठवा. २००६ मध्ये तिथला घोटाळा उघडकीस आला, तेव्हा विमा फक्त एक लाखाचा होता. २०२३ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणाच्या नव्या तपासाला परवानगी दिली. सतरा वर्षांनी!

तेरा दिवसांत सुटका, पण सगळ्यांची नाही

आता व्यापारी बँकेचा खेळ बघा. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले. ठेवीदाराला पन्नास हजारांची मर्यादा, एटीएमपुढे रांगा, सगळं पीएमसीसारखंच. पण १८ मार्चला संध्याकाळी सहा वाजता निर्बंध उठले. स्टेट बँकेने पुढाकार घेऊन इतर बँकांसह भांडवल ओतलं होतं, आणि ठेवीदाराचा एक रुपयाही कापला गेला नाही. त्याच वर्षी लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबरला निर्बंध आले आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत विलीन झाली.

एकीकडे दहा-तेरा दिवस आणि दुसरीकडे सहा वर्षं, असं का? व्यापारी बँक ही कंपनी असते, म्हणून तिचे नवे शेअर काढून कोणालाही विकता येतात आणि एका आठवड्यात हजारो कोटी उभे राहतात. शिवाय ती इतर बँकांशी इतक्या धाग्यांनी बांधलेली असते की ती कोसळली तर बाकीच्याही हलतील, म्हणून सरकार आणि रिझर्व्ह बँक तिला पडू देत नाहीत. सहकारी बँकेचा शेअर बाजारात विकता येत नाही. तो दर्शनी किमतीलाच घ्यायचा आणि दर्शनी किमतीलाच परत करायचा, आणि मत प्रत्येक सभासदाला एकच, मग शेअर दहा असोत की दहा हजार. या लोकशाहीचं कौतुक करायलाच हवं, पण अडचणीच्या काळात शंभर कोटी घेऊन येणाऱ्यालाही एकच मत मिळणार असेल, तर तो येईल कशाला? मग उरतो मार्ग एखाद्या धडधाकट बँकेने पदरात घेण्याचा, आणि तशी बँक मिळेपर्यंत ठेवीदार थांबतो. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून थांबले होते. अखेर २०२२ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला.

येस बँकेच्या गोष्टीला एक काटाही आहे. त्या बँकेचे एटी-१ नावाचे ८,४१५ कोटींचे रोखे बचावाच्या वेळी शून्य करण्यात आले. ते ज्येष्ठ नागरिकांनाही एफडीहून सरस म्हणून विकले गेले, असा ठपका नंतर सेबीने ठेवला, आणि रोख्यांचं प्रकरण न्यायालयात गेलं. मोठ्या बँकेच्या शाखेत, ओळखीच्या मॅनेजरसमोर बसून सही केली म्हणजे ती ठेवच असते असं नाही. विमा, म्युच्युअल फंड, रोखे हे सगळं त्याच टेबलावर विकलं जातं. ठेवीची पावती हातात आली का, एवढंच पाहायचं.

एक टक्का जास्त येतो कुठून?

स्मॉल फायनान्स बँका देशात २०१६ पासून सुरू झाल्या. त्यातल्या बऱ्याच पूर्वी महिला बचत गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या होत्या. नवी मुंबईची सूर्योदय त्यांतलीच. छोटं, बिनतारण कर्ज महाग असतं, म्हणून या बँकांची व्याजाची कमाई मोठी. दुसरीकडे पगारखाती, पेन्शन खाती, व्यापाऱ्यांची चालू खाती असा स्वस्त पैसा जुन्या बँकांनी आधीच धरून ठेवलेला. भिलाईत बीएसपीचा पगार आणि पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते हे आठवलं की मुद्दा कळतो. नव्या बँकेला ठेवी हव्यात तर दर वाढवूनच बोलवावं लागतं. तुमचा जादा टक्का हा असा: बचत गटाची बाई भरते त्या व्याजातून आलेला.

धोकाही त्याच वाटेने येतो. तारण नाही, म्हणून पूर, टाळेबंदी किंवा कर्जमाफीची हूल उठली की वसुली एकदम बसते. हे ओळखून रिझर्व्ह बँकेने या बँकांवर सर्वांत कडक अट घातली आहे: जोखमीच्या हिशेबाने दिलेल्या दर शंभर रुपये कर्जामागे पंधरा रुपये स्वतःचं भांडवल. व्यापारी बँकेला राखीव धरून साडेअकरा पुरतात. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या छोट्या नागरी सहकारी बँकेला नऊ, त्याहून मोठीला बारा. नाव ‘स्मॉल’ असलं तरी उशी सर्वांत जाड हिचीच. आणि पीएमसीसारखे निर्बंध आजवर एकाही स्मॉल फायनान्स बँकेवर आलेले नाहीत. अर्थात दहा वर्षं म्हणजे बँकेच्या आयुष्यात फार मोठा काळ नव्हे, मी तरी त्यावर पाच लाखांपुरतीच पैज लावेन.

पाच लाख म्हणजे पाच लाख नव्हेत

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. विम्याचे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून असतात. आठ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, तीन वर्षांसाठी पाच लाख ठेवले तर शेवटी ६ लाख ३४ हजारांच्या आसपास होतात, आणि वरचे १ लाख ३४ हजार कुंपणाबाहेर. पूर्ण रक्कम आत राहावी असं वाटत असेल तर सुरुवात ३ लाख ९० हजारांनी करावी. तीन वर्षांनी ती पाच लाखांच्या थोडी खाली थांबते. एका वर्षाची ठेव असेल तर ४ लाख ६० हजार चालतील. किंवा व्याज दर तिमाहीला दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यात वळतं करावं, म्हणजे मुद्दल वाढतच नाही.

दुसरी चूक शाखांची. सिव्हिक सेंटरच्या शाखेत चार लाख आणि दुर्गच्या शाखेत चार लाख असतील, बँक एकच असेल, तर विमा आठांपैकी पाचांवरच. सगळ्या शाखा, बचत, आवर्ती, मुदत, सगळं एकत्र मोजतात. स्वतःच्या एकल मालकीच्या दुकानाचं चालू खातंही त्यातच धरलं जातं. त्याच बँकेचं कर्ज डोक्यावर असेल तर तेही वजा होऊ शकतं. बँकांचं विलीनीकरण झालं तरी हिशेब नव्याने मांडावा. छत्तीसगडमध्ये देना बँकेच्या ग्राहकांपैकी ज्यांचं बँक ऑफ बडोदातही खातं होतं, त्यांची १ एप्रिल २०१९ रोजी दोन कुंपणं मिळून एकच झालं.

उलट दिशेची पळवाट मात्र कायदेशीर आहे आणि फारशी कोणाला माहीत नाही. पतीचं एकट्याचं खातं, पत्नीचं एकटीचं, ‘पती आणि पत्नी’ असं संयुक्त, आणि ‘पत्नी आणि पती’ असं नावांचा क्रम उलटा करून दुसरं संयुक्त: डीआयसीजीसी ही चारही वेगळी मानते. एका जोडप्याला एकाच बँकेत वीस लाखांचं संरक्षण! फॉर्म भरताना पहिलं नाव कोणाचं, यावर घरात होणाऱ्या वादाला शेवटी काही अर्थ मिळाला म्हणायचा. नॉमिनी बदलल्याने मात्र काही होत नाही. खातं कोणाच्या नावे आहे तेच मोजलं जातं.

नव्वद दिवसांचं घड्याळ

२०२१ पर्यंत विम्याचे पैसे बँकेचा परवाना रद्द होऊन ती दिवाळखोरीत गेल्यावरच मिळायचे, आणि तिथवर पोचायला वर्षं लागायची. १ सप्टेंबर २०२१ पासून नियम बदलला. आता निर्बंध लागले की घड्याळ सुरू होतं. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत बँक ठेवीदारांची यादी आणि दावे पाठवते, पुढच्या पंचेचाळीसांत डीआयसीजीसी पैसे देते. या यादीत नाव येण्यासाठी दाव्याचा फॉर्म आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक द्यावा लागतो. केवायसी अर्धवट असलेली, वडिलांच्या नावावरच राहिलेली, जुना पत्ता असलेली खाती इथेच अडखळतात. म्हणून दुसऱ्या एका बँकेत चालतं खातं असणं ही पूर्वअट समजा.

मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले, तिजोरीतले १२२ कोटी गायब असल्याचं निघालं, आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. सहा महिन्यांत. पीएमसीच्या ठेवीदारांना हे वाचून काय वाटलं असेल, ते त्यांनाच विचारावं.

कुंपणाबाहेरची नावं

सहकारी बँकेत कर्ज काढताना किंवा सभासद होताना शेअर घ्यायला लावतात. तो शेअर म्हणजे ठेव नव्हे आणि त्याला विमाही नाही. पीएमसीच्या विलीनीकरणात सगळं भागभांडवल शून्य झालं. लाभांशाच्या आशेने शेअरमध्ये मोठी रक्कम ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

धानाच्या हंगामात दुर्गच्या जिल्हा सहकारी केंद्रीय बँकेत शेतकऱ्यांची गर्दी असते, कारण धानाचे पैसे तिथे जमा होतात. जिल्हा बँक विम्याच्या कक्षेत येते. पण तिच्याखालची गावातली सेवा सहकारी समिती, कामगारांची पतसंस्था, वस्तीतली निधी कंपनी यांपैकी कोणालाही विमा नाही, मग पासबुक कितीही बँकेसारखं दिसू दे. खात्री करायची असेल तर डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी आहे. तिथे नाव पूर्ण आणि गावासकट जुळवून पाहावं, कारण सारख्या नावाच्या नागरी सहकारी बँका प्रत्येक राज्यात दोन-चार तरी सापडतात.